जेल लावल्यावरचा अर्धा तास

इंदूरच्या मल्हारगंजात अच्युत निकम या माणसापेक्षा त्याची जीभ जास्त प्रसिद्ध होती. जयेश सेठच्या नमकीनच्या कारखान्यात सेवेचा, म्हणजे आपल्या शेवेचा, एकही घाणा त्या जिभेला विचारल्याशिवाय कढईत पडत नसे. बेसन मळून झालं की कारीगर परात त्याच्यापुढे धरी. अच्युत चिमूटभर गोळा उचली, जिभेच्या डाव्या कडेवर ठेवी, डोळे मिटून जरा घोळवी आणि बाजूच्या मोरीत थुंकून टाकी. मग तांब्यातल्या पाण्याने खळखळून चूळ, आणि मग निकाल. "नमक थोडं वाढवा. लौंग बस झाली." त्या निकालावर अपील नव्हतं.

थुंकण्यावर त्याचा भारी कटाक्ष. त्याचे वडील बाबूराव यांनी कापडगिरणी बंद पडल्यावर याच कारखान्यात मसाल्याचं काम धरलं होतं आणि मुलाला पहिलाच धडा दिला होता की चाखणाऱ्याने गिळायचं नसतं, पोट भरलं की जीभ झोपते. अच्युतने तो धडा इतका मनावर घेतला होता, की सेव आणि मिक्चरच्या डोंगरात आयुष्य काढूनही "मी कारखान्यात एक दाणा खात नाही" असं तो छातीठोकपणे सांगे. ते खोटंही नव्हतं. पण खरं बोलणारा माणूस खड्ड्यात पडत नाही असं थोडंच आहे!

बाकी माणूस म्हणाल तर पायाला भिंगरी आणि तोंडाला चक्की. एका जागी बसणं त्याला शिक्षेसारखं वाटे. कारखान्यात भट्टी ते गल्ली, गल्ली ते भट्टी अशा त्याच्या दिवसभर फेऱ्या चालत. घरी आला की ताटावर बसता बसता पहिला घास घ्यायचा आणि बायकोला, अरुंधतीला, सांगायचं, "थोडं मीठ कमी आहे." लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण या वाक्याला सुट्टी नव्हती. अरुंधती बडा गणपतीजवळच्या शाळेत लहान मुलांना शिकवायची, त्यामुळे तेच तेच ऐकून न चिडण्याची तिला सवय होती. मिठाची वाटी तिने कायमची त्याच्या ताटाशेजारी मांडून ठेवली होती.

यंदा वैशाखात, ऐन लग्नसराईत, त्याच्या जिभेच्या डाव्या कडेला एक छाला झाला. इंदुरात तोंड आलं म्हणत नाहीत, छाले आले म्हणतात. उन्हाळ्यात कुणाला होत नाहीत? अच्युतने दुर्लक्ष केलं. पण मिरचीचं बेसन नेमकं त्याच जागी ठेवायचं, म्हणजे रोज जखमेवर तिखटमीठ लावून घेणंच झालं. एका सकाळी अरुंधतीने पाहिलं, की नवऱ्याने पोह्यांवरची सेव बोटाने बाजूला सारली. इंदूरचा माणूस पोह्यांवरची सेव बाजूला सारतो म्हणजे प्रकरण गंभीर असलं पाहिजे. तिने त्याला स्कूटरवर बसवलं आणि थेट बडा गणपतीजवळ डॉक्टर यामिनीच्या दातांच्या दवाखान्यात नेलं.

दवाखाना एवढासा. खुर्चीपाशी एकच माणूस मावायचा, म्हणून अरुंधती बाहेर बसली. यामिनीने आरसा लावून पाहिलं, कापसाने जीभ धरून बाजूला ओढली, मान आणि जबडा चाचपला.

"अच्युतजी, इथली दाढ तुटलेली आहे. तिचा कोपरा जिभेला घासतोय. तो मी आज गुळगुळीत करून देते. वर जेल आणि माउथवॉश. दोन हप्त्यांनी परत यायचं. आणि तरी छाला तसाच राहिला तर मग एक छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवू."

तुकडा!

त्या शब्दाबरोबर अच्युतचे कान मिटले. बाबूरावांचंही असंच सुरू झालं होतं. गालाच्या आत एक छाला, महिनोन्‌महिने. ते तंबाखू मळायचे आणि छाल्यावर दुकानातून आणलेलं कसलं तरी जेल चोपडायचे, डॉक्टरकडे मात्र गेले नाहीत. शेवटी शेवटी त्यांना चव कळेना. ज्या माणसाने अख्ख्या मल्हारगंजाला मिठाचा अंदाज शिकवला, त्याला अच्युतने पातळ खिचडी भरवली तेव्हा ते म्हणाले होते, "यात काही घातलंय का रे?" अच्युत तंबाखूला कधी शिवला नव्हता. पण भीती काही हिशेब विचारून घरात येत नाही.

यामिनी पुढे सगळं नीट सांगत होती. जेवण झालं की तोंड धुवायचं, छाल्याची जागा कापसाने हलकेच टिपून कोरडी करायची, त्यावर जेलचा पातळ थर बसवायचा, चोळायचं नाही. मग अर्धा तास खाणं नाही, पिणं नाही, पाणीसुद्धा नाही. रात्री झोपताना शेवटचं काम हेच. माउथवॉश सकाळ-संध्याकाळ, दात घासल्यावर लगेच नाही, थोड्या वेळाने. झाकणाच्या मापाने घ्यायचं, एक मिनिट तोंडात फिरवायचं, थुंकायचं, वरून पाण्याची चूळ भरायची नाही आणि तिथेही अर्धा तास तोंड बंद. आणखीही एक गोष्ट तिने सांगितली, पण अच्युत 'हो जी, हो जी' करत होता आणि त्याच्या डोळ्यांपुढे खिचडीची वाटी होती.

तरी जेवढं कानावर पडलं तेवढं त्याने इमानदारीने पाळायला घेतलं. माउथवॉश गालात भरून तो घड्याळाच्या काट्याकडे असा बघत राही, जणू काटा मुद्दाम रेंगाळतो आहे. एक मिनिट काय असतं ते त्याला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि अर्धा तास? अर्धा तास म्हणजे नुसता छळ. बाहेर ऊन भाजून काढतंय, माठातलं पाणी समोर आहे आणि प्यायचं नाही. तो खोलीत फिरे, खिडकी उघडे, बंद करे, पंखा कमी-जास्त करे.

"अहो, बसा ना शांत," अरुंधती म्हणे.

तो हाताने खूण करी, बोलवत नाही म्हणून. जीभ हलली तर जेल निघेल या धास्तीने तो बोलतही नव्हता. गल्लीतल्या चहावाल्याने हाक मारली, "आओ अच्युत भिया, एक कट हो जाए!" तर अच्युतने त्याला दोन्ही हात जोडले आणि पुढे निघाला. चहावाला बघतच राहिला. हा माणूस चहाला नाही म्हणतो, तेही न बोलता? संध्याकाळपर्यंत मल्हारगंजात बातमी पसरली, की अच्युत भियाने मौनव्रत धरलंय.

तर असं कडक पथ्य. आणि सकाळी पोहे खाऊन, जेल लावून, पाण्याचा थेंब न घेता हा गडी कारखान्यात पोचला की पहिली परात तयारच असे. तो चिमूट उचली, डाव्या कडेच्या जरा मागे ठेवी, कळ आली तर दात आवळी, थुंकून टाकी, खळखळून चूळ भरी. दुपारी डबा खाऊन पुन्हा जेल आणि पुन्हा परात. त्यात काही चुकतंय असं त्याच्या स्वप्नातही आलं नाही. खाल्लं कुठे? प्यालो कुठे? पोटात तर कणभर गेलं नाही!

छाला हलेना. रोज सकाळी तो खिडकीपाशी आरसा धरून जीभ बाहेर काढी आणि त्या पांढुरक्या डागाकडे टक लावून बघे. कधी वाटे कमी आहे, कधी वाटे वाढलाय. उजेड कमी म्हणून आरसा घेऊन गच्चीवर जाई. अरुंधतीला हाक मारून विचारी, "नीट बघ गं, काल एवढाच होता का?" तिने "थोडा लहान वाटतोय" म्हटलं तरी समाधान नाही, "तेवढाच आहे" म्हटलं तर दिवसभर अन्न गोड लागत नसे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि मग ते घडलं, ज्याची त्याला सगळ्यात जास्त धास्ती होती.

जयेश सेठ दुपारी भट्टीपाशी आला. पस्तिशीचा, बापाच्या वेळचा कारखाना चालवणारा, अच्युतला मान देऊन बोलणारा पोरगा. त्याच्या हातात सेवेचं उघडलेलं पाकीट होतं.

"अच्युत भिया, बुरा मत मानना. शादीवाली पार्टी ने माल वापस भेजा है. बोल रहे हैं, सेव बहुत खारी है."

"खारी? शक्यच नाही," अच्युत म्हणाला. "मी खुद्द चाखलंय. उलट पहिल्या परातीत नमक कमी होतं, मी वाढवलं."

"आप चख के देखो."

अच्युतने सेव तोंडात टाकली. मिरची कळली, लवंग कळली. मीठ? जिभेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधलं, पण मीठ नव्हतं. फिकी, अगदी फिकी सेव. आणि आजूबाजूचे कारीगर तीच सेव चाखून तोंडं वाकडी करत होते.

त्याने पाकीट खाली ठेवलं. "यात काही घातलंय का रे?" हे वाक्य त्याच्या कानात घुमायला लागलं.

तो भर दुपारी घरी आला. अरुंधतीला शाळेची सुट्टी होती, ती आमटीला फोडणी घालत होती. तो सरळ पातेल्यापाशी गेला, पळीभर आमटी वाटीत घेऊन फुंकून प्यायला.

"यात मीठ घातलंस?"

अरुंधतीने नेहमीप्रमाणे मिठाच्या वाटीकडे हात केला. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि हात मागे घेतला. तिने आमटी स्वतः चाखली.

"बरोबर आहे हो मीठ."

"मला लागत नाहीये," तो म्हणाला. "अरू, मला मीठ लागतच नाहीये. बाबांसारखं." आणि हा एवढा मोठा माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि रडला. अरुंधतीने गॅस बंद केला. "चला," एवढंच ती म्हणाली.

ठरलेल्या तारखेला अजून आठवडा होता, पण यामिनीने त्यांना लगेच आत घेतलं. या वेळी अरुंधती बाहेर बसली नाही. खुर्चीला टेकून उभी राहिली.

यामिनीने जीभ पाहिली. "वाढला नाहीये. पण दाढ घासून दिल्यावर जेवढा भरायला हवा होता, तेवढा भरलाही नाही. जेल लावता ना?"

"एकदम टाइमावर."

"त्यानंतर अर्धा तास काही खाणं-पिणं?"

"थेंब नाही. विचारा हिला. लोक चाय पाजायला येतात तर हात जोडतो मी."

"खरंय," अरुंधती म्हणाली. "घरात तर पाण्याला शिवत नाहीत."

"घरात," यामिनी म्हणाली. "आणि कामावर? तुमचं काम काय, अच्युतजी?"

अच्युतला बरं वाटलं. या विषयावर तो बोलू शकत होता. त्याने परात, चिमूट, डावी कड सगळं हाताने करून दाखवलं. यामिनीने तोंड धुवायच्या भांड्याजवळचा पेला पुढे केला, तर त्याने खरोखरच घोट घेऊन, तोंड गदगदा हलवून, चूळ भरूनही दाखवली.

"पण गिळत नाही हं मी," तो अभिमानाने म्हणाला. "वडिलांची शिकवण. ते काही खाणं नाही."

अरुंधतीने कपाळावर हात मारला. "अगं बाई! म्हणजे घरी अर्धा तास तहानेने तळमळायचं आणि तिथे जाऊन सगळं मोरीत ओतायचं! पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच."

यामिनीला हसू आलं, पण तिने ते आवरलं. "अच्युतजी, जेलला तुमच्या पोटाशी काही देणंघेणं नाही. ते छाल्यावर चिकटून बसलं तरच काम करतं. तुम्ही त्यावर बेसन घोळवता, मग पाण्याने खळखळून धुता. दिवसाचं सगळं जेल वाहून गेलं. रात्रीचं तेवढं टिकलं असेल. आणि वर मिरची, ती वेगळीच."

"आणि मीठ?" त्याचा आवाज बारीक झाला. "मीठ लागत नाही ते?"

"ते माउथवॉशमुळे. या औषधाने काही लोकांची चव बदलते, मिठाची जास्त. बंद केलं की परत येते. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. एवढं एक वाक्य ऐकलं असतं, तर इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरावं लागलं नसतं. पण त्या वेळी कान होते कुठे?

"माउथवॉश आता बंद करा, जखम स्वच्छ आहे," यामिनी म्हणाली. "जेल चालू ठेवा. चाखणं मात्र बिलकुल बंद. थुंकूनसुद्धा नाही. पण एक गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवते. ठरलेल्या तारखेला छाला भरत आलेला दिसला नाही, तर तुकडा काढायचाच. तारीख पुढे ढकलणार नाही मी."

मीठ लागत नव्हतं त्याचा उलगडा झाला, पण तुकड्याचं टांगलेलंच राहिलं. आणि आता नवीन पेच. लग्नसराई, परत आलेला माल, आणि चाखायचं कुणी? अच्युतने आजवर कुणाला शिकवलंच नव्हतं. कारीगर सेव झाऱ्यावर घासायला पटाईत, पण मिठाचा निकाल द्यायची वेळ आली की ते एकमेकांकडे बघायचे.

"मी येते," अरुंधती म्हणाली.

अच्युत हसला. "तू? तुझ्या आमटीत तर..."

"सव्वीस वर्षं मी तुमच्या जिभेला स्वयंपाक करून घालतेय," ती म्हणाली. "तुम्हाला काय कमी लागतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? शाळेला सुट्टी आहे. उद्यापासून येते."

जयेश सेठ आधी जरा कचरला. पण दुसरा इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी अरुंधती साडीचा पदर खोचून परातीपुढे उभी राहिली. अच्युतने नुकतंच जेल लावलेलं, त्यामुळे त्याचं तोंड बंद. त्याने स्टुलावर बसायचं असं ठरलं होतं. तो अर्थात बसला नाही. तिच्या मागे, पुढे, भट्टीपाशी, मोरीपाशी त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या.

अरुंधतीने चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. अच्युतने मोरीकडे बोट दाखवलं. तिने लक्ष दिलं नाही. तिने ती चिमूट गिळली.

अच्युतने दोन्ही हात वर केले. पुन्हा मोरीकडे बोट, पुन्हा तांब्याकडे बोट.

"थुंकायचं काय त्यात? अन्न आहे ते," अरुंधती म्हणाली आणि कारीगराकडे वळली. "मीठ थोडं वाढव रे. नाही, एवढं नको. बस."

अच्युतला ओरडावंसं वाटत होतं, की अगं, तळल्यावर मीठ वर येतं, हात आखडता ठेव! त्याने हवेत बोटांनी कमी, कमी अशी खूण केली. तिने मान हलवली, पण मीठ तिच्याच अंदाजाने पडलं. पहिला घाणा कढईतून निघाला. जयेश सेठने सेव तोंडात टाकली, चघळली, अच्युतकडे पाहिलं, मग अरुंधतीकडे. "भाभीजी, ये तो भिया के हाथ का ही है," तो म्हणाला. अच्युतला आनंद झाला की आग लागली हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो गल्लीत जाऊन उन्हात उभा राहिला.

तो आठवडा त्याने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. जेल लागलं की अर्धा तास पावलं मोजल्यासारखा चालायचा, चहावाल्याकडे पाठ करून. आता मात्र अर्धा तास खराखुरा अर्धा तास होता. परात नाही, चूळ नाही. कळ उतरत गेली, पण जिभेवर मीठ अजून येत नव्हतं आणि आरशात बघायची त्याची हिंमत होईना. आरसा अरुंधतीने कपाटात ठेवून दिला होता आणि त्याने तो मागितला नाही.

तारखेच्या दिवशी दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर त्याने बायकोचा हात धरला. यामिनीने दिवा खाली ओढला. कापसाने जीभ बाजूला केली. बोटाने ती जागा दाबली, पुन्हा दाबली. मग तिने दिवा वर सारला.

"भरलाय," ती म्हणाली. "बोटाला कडकपणा नाही, जागा मऊ आहे. तुकड्याची गरज नाही. अजून एकदा महिन्याने दाखवून जा, आणि त्या दाढेवर कॅप बसवून घ्या."

अच्युत उठला. स्कूटर चालवताना बडा गणपतीच्या वळणावर त्याने एक हात सोडून देवाला नमस्कार केला आणि अरुंधती मागून ओरडली, "अहो, हँडल धरा!"

घरी सकाळचा स्वयंपाक झाकून ठेवलेला होता. तिने ताट वाढलं. आमटी, भात, कोशिंबीर, आणि सवयीने ताटाशेजारी मिठाची वाटी. तो बसला. आमटीभाताचा पहिला घास कोशिंबिरीसकट तोंडात घेऊन त्याने डोळे मिटले, जिभेच्या डाव्या कडेवर घोळवला. अरुंधती हातातली पळी तशीच धरून उभी राहिली.

मीठ आलं. आधी कडेवर, मग सगळ्या जिभेवर पसरलं. आमटीतलं वेगळं, भातातलं वेगळं, कोशिंबिरीतलं तर अगदी लख्ख. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने तो घास गिळला.

"लागतंय?" तिने विचारलं.

त्याने मिठाची वाटी उचलली आणि तिच्या हातात दिली.

"ही आत ठेव," तो म्हणाला. "मीठ बरोबर आहे."